फोटोत होतं, पार्सलमध्ये नाही: ऑनलाइन विक्रेत्याला तक्रारीचं पत्र कसं लिहावं

ऑनलाइन खरेदीच्या तक्रारींमध्ये एक प्रकार असा आहे की ग्राहकाची बाजू खरी असूनही तो हरतो, आणि हरतो ते पत्रातल्या पहिल्याच वाक्यामुळे. "पार्सलमध्ये वस्तू कमी निघाल्या," असं तो लिहितो. विक्रेता पार्सलचं वजन तपासतो, निघताना होतं तेवढंच पोचताना होतं हे दाखवतो आणि तक्रार बंद करतो. त्याच्या परीने ते बरोबरही असतं, कारण त्या वस्तू त्याने भरल्याच नव्हत्या. ग्राहकाचं खरं म्हणणं वेगळं होतं: ज्या वस्तू फोटोत दाखवून पैसे घेतले, त्या द्यायचा विक्रेत्याचा विचारच नव्हता. हा फरक पत्रात सुरुवातीपासून स्पष्ट असला, तर पुढची बरीच ओढाताण वाचते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, तुम्ही २,३४९ रुपयांचं मिनी शिलाई मशीन मागवलं. पानावरच्या पहिल्या फोटोत मशीनला पांढरं एक्स्टेंशन टेबल जोडलेलं आहे. चौथ्या फोटोत सगळा संच मांडून ठेवलाय: मशीन, पायाने दाबायचं पेडल, अडॅप्टर, टेबल, आणि रिळं, सुया, कात्री, मोजपट्टी असलेली प्लास्टिकची डबी. घरी आलं ते मशीन, पेडल, अडॅप्टर आणि दोन बॉबिन. टेबल नाही, डबी नाही. पानावर खाली बारीक अक्षरांत "पॅकेजमध्ये: १ शिलाई मशीन" एवढीच ओळ. हे उदाहरण मी मुद्दाम थोडं अवघड घेतलंय. शीर्षकातच "टेबल व किटसह" असं लिहिलेलं असतं, तर पत्र चार ओळींत संपलं असतं.

आधी पान जपून ठेवा

पत्राला हात लावण्याआधी पुरावा गोळा करायचा, कारण विक्रेता फोटो कधीही बदलू शकतो आणि तक्रार गेल्यावर बऱ्याचदा बदलतोच. मोबाइलऐवजी कॉम्प्युटरवर ते पान उघडा आणि प्रिंटच्या पर्यायातून पूर्ण पान पीडीएफ म्हणून साठवा. त्यात पानाचा पत्ता आणि तारीख येते का ते पाहा. प्रत्येक फोटो मोठा करून वेगळा स्क्रीनशॉट घ्या, आणि तो कितवा फोटो आहे ते लिहून ठेवा. "फोटोत टेबल होतं" यापेक्षा "पहिल्या आणि चौथ्या फोटोत टेबल आहे" हे वाक्य किती तरी जड पडतं.

इथे एक गोष्ट नक्की तपासा. बऱ्याच पानांवर रंग किंवा संच निवडायचे चौकोन असतात आणि निवड बदलली की फोटोही बदलतात. "फक्त मशीन" आणि "मशीन + टेबल + किट" असे दोन पर्याय असतील आणि तुम्ही स्वस्तातला पहिला घेतला असेल, तर तक्रारीत दम नाही. तुमच्या ऑर्डरच्या पानावरून त्या वस्तूवर क्लिक करा. तुम्ही निवडलेलाच पर्याय उघडतो. त्या पर्यायाखाली टेबलचा फोटो दिसत असेल, तर पुढे चला.

आता आलेल्या वस्तू. खोका, त्यावरचं लेबल, बिल आणि निघालेली प्रत्येक वस्तू जमिनीवर एका चादरीवर मांडा आणि वरून एकच फोटो काढा, चौथ्या फोटोत मांडलीय तशाच क्रमाने. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. लेबलवर वजन छापलेलं असेल, तर त्याचा जवळून फोटो घ्या. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तम, नसेल तरी या तक्रारीत अडत नाही. वस्तू वाटेत चोरीला गेली असं आपण म्हणतच नाही आहोत. खोका मात्र फेकू नका.

आपली बाजू किती भक्कम, हे स्वतःशी ठरवा

फोटोतली प्रत्येक वस्तू विकायला नसते. डायनिंग टेबलच्या फोटोत फुलदाणी असते, कढईच्या फोटोत भाजी असते. ती मागणारा ग्राहक आपली बाकीची तक्रारही हलकी करून घेतो. प्रश्न असा विचारायचा: ही वस्तू विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या वापराशी जोडलेली आहे का, आणि सर्वसाधारण माणसाला ती संचाचाच भाग वाटेल का? एक्स्टेंशन टेबल मशीनला जोडूनच दाखवलंय, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, बाकी सुट्या भागांच्या ओळीत. ते सजावट म्हणून ठेवलेलं नाही. डबीचंही तसंच. पण त्याच पानावर एका फोटोत बाई फ्रॉक शिवताना दिसते आणि मागे इस्त्री दिसते, तर ती इस्त्री विसरा.

आता ती अवघड ओळ: "पॅकेजमध्ये: १ शिलाई मशीन." विक्रेता हिच्याकडेच बोट दाखवणार हे धरून चाला, आणि नीट पाहिलंत तर तिचं उत्तर खोक्यातच आहे. पेडल आणि अडॅप्टरही त्या यादीत नव्हते, तरी ते आले. म्हणजे ती ओळ खोक्यातल्या वस्तूंची पूर्ण यादी नव्हती, हे विक्रेत्यानेच स्वतःच्या कृतीने दाखवून दिलं. मग खोक्यात काय काय येणार हे ग्राहकाला कळायला चौथ्या फोटोशिवाय दुसरा मार्ग कोणता होता? असा मुद्दा पत्रात असला की समोरच्याला ठोकळेबाज उत्तर देणं कठीण जातं. तुमच्या प्रकरणातही असा एखादा धागा सापडतो का ते बघा. यादी आणि आलेला माल यांची ओळीने तुलना केली की तो बहुधा सापडतो.

कायद्याचा आधार कुठे आहे तेही पाहून घेऊ. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. वस्तूबद्दल खोटं सांगणं हे तोंडी किंवा लेखीच असावं लागतं असं तिथे नाही. डोळ्यांना दिसेल असं सादरीकरणही त्यात येतं, आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातलं सुद्धा. म्हणजे फोटो हेही विक्रेत्याचं म्हणणंच धरलं जातं. शिवाय ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मधला नियम ६ सांगतो की वस्तू जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. या दोन आधारांवर पत्र उभं राहतं. आणखी कलमांची माळ लावू नका. ज्याचा अर्थ आपल्याला समजावून सांगता येत नाही ते कलम पत्रात आलं, की ते भीती घालण्यासाठी घातलंय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

काय मागायचं

बरीच पत्रं इथे घसरतात. दोन पानं संताप आणि शेवटी "योग्य ती कारवाई करावी." योग्य ती म्हणजे कोणती, हे तुम्ही सांगितलं नाहीत तर विक्रेता पन्नास रुपयांचं कूपन देऊन मोकळा होतो.

मागणी एक ठेवा आणि तिला एक पर्याय द्या. आपल्या उदाहरणात पहिली मागणी: टेबल आणि डबी विनामूल्य पाठवा. ते जमत नसेल तर: मशीन तुमच्या खर्चाने परत न्या आणि २,३४९ रुपये परत द्या. मशीन तुम्हाला ठेवायचंच असेल, तर तिसरा रस्ता म्हणजे राहिलेल्या वस्तूंची किंमत परत मागणं. त्यासाठी तसंच टेबल आणि तशीच डबी सुटी केवढ्याला मिळते ते दोन-तीन ठिकाणी पाहून त्याचे स्क्रीनशॉट जोडा. मनाने आकडा टाकलात तर त्यावर घासाघीस होते. पहिल्या पत्रात मानसिक त्रासाचे पंचवीस हजार मागू नका. तो दावा ग्राहक आयोगापुढे करता येतो, विक्रेत्याकडे केला तर मूळ मागणीच बाजूला पडते.

एक सावधगिरी. परतीची मुदत पत्र लिहिल्याने थांबत नाही. सात दिवसांची मुदत असेल, तर आधी ॲपमध्ये परतीची विनंती नोंदवा आणि मग पत्र पाठवा. कारण निवडताना "वस्तू गहाळ" हा पर्याय घेऊ नका. "वर्णनाप्रमाणे किंवा फोटोप्रमाणे नाही" अशा अर्थाचा पर्याय घ्या. पहिला पर्याय निवडला की प्रकरण वजनाच्या तपासणीकडे जातं, आणि तिथे काय होतं ते वर आलंच आहे. पूर्ण पैसे परत मागायचे असतील, तर तोवर मशीन वापरू नका.

पत्र कोणाला

बिलावर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असतो. ज्या कंपनीच्या ॲपवरून घेतलं ती कंपनी आणि प्रत्यक्ष विक्रेता बऱ्याचदा वेगवेगळे असतात. पत्र दोघांनाही पाठवा: विक्रेत्याला, आणि त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तळाशी असलेल्या दुव्यांत तो सापडतो. विक्रेत्याचा पत्ता किंवा ईमेल मिळत नसेल, तर खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यावर तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे, तेव्हा ती मागणी त्याच ईमेलमध्ये करा.

गूगलवर शोधून मिळालेल्या "कस्टमर केअर" क्रमांकावर फोन करू नका. तिथे भामटे बसलेले असतात आणि पैसे परत देतो सांगून ओटीपी मागतात किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात. पैसे मिळवण्यासाठी यातलं काहीही लागत नाही.

ॲपमधल्या चॅटवर बोलायला हरकत नाही, पण चॅट म्हणजे पत्र नव्हे. चॅटवर जे आश्वासन मिळेल त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्या दिवशीच ईमेलमध्ये लिहा की "आज चॅटवर अमुक सांगण्यात आलं." विक्रेता दुसऱ्या राज्यातला असेल, तर मराठी पत्रासोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडलेली बरी, म्हणजे "भाषा समजली नाही" या कारणाने आठवडा जात नाही.

प्रत्यक्ष पत्र

> दिनांक: १० मार्च २०२५
>
> प्रति,
> १) (बिलावरील विक्रेत्याचे नाव व पत्ता)
> २) तक्रार निवारण अधिकारी, (ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली ती कंपनी)
>
> विषय: फोटोत दाखवलेले साहित्य न दिल्याबाबत. ऑर्डर क्रमांक (...), बिल क्रमांक (...)
>
> महोदय/महोदया,
>
> मी ४ मार्च २०२५ रोजी आपल्याकडून मिनी शिलाई मशीन २,३४९ रुपयांना मागवले. ते ८ मार्च रोजी मिळाले. ९ मार्च रोजी ॲपमध्ये परतीची विनंती नोंदवली असून तिचा क्रमांक (...) आहे.
>
> विक्रीच्या पानावरील पहिल्या फोटोत मशीनला एक्स्टेंशन टेबल जोडलेले आहे. चौथ्या फोटोत मशीन, पेडल, अडॅप्टर, एक्स्टेंशन टेबल आणि शिवणसाहित्याची डबी असा संच एकत्र मांडलेला आहे. टेबल किंवा डबी वेगळी विकत घ्यावी लागेल, असे पानावर कोठेही लिहिलेले नाही. प्रत्यक्षात मला मशीन, पेडल, अडॅप्टर आणि दोन बॉबिन मिळाले. टेबल आणि डबी मिळाली नाही.
>
> या वस्तू वाटेत गहाळ झाल्या, अशी माझी तक्रार नाही. फोटोत दाखवलेल्या वस्तू आपण संचात दिल्याच नाहीत, अशी माझी तक्रार आहे. त्यामुळे पार्सलचे वजन जुळते हे तिचे उत्तर होऊ शकत नाही.
>
> पानावर "पॅकेजमध्ये: १ शिलाई मशीन" अशी ओळ आहे, याची मला कल्पना आहे. परंतु पेडल आणि अडॅप्टरचाही त्या ओळीत उल्लेख नाही, तरी ते आपण दिले. म्हणजे ती ओळ संचाची पूर्ण यादी नाही. संचात काय मिळेल हे ग्राहकाला केवळ आपल्या फोटोवरूनच कळत होते.
>
> ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७) नुसार वस्तूविषयी दृश्य स्वरूपात केलेले खोटे सादरीकरण ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ई-कॉमर्स नियम २०२० मधील नियम ६ नुसार, जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.
>
> माझी मागणी: हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत एक्स्टेंशन टेबल आणि शिवणसाहित्याची डबी विनामूल्य पाठवावी. ते शक्य नसल्यास मशीन आपल्या खर्चाने परत न्यावे आणि २,३४९ रुपये मूळ खात्यात परत करावेत. कूपन किंवा वॉलेटमधील रक्कम मला मान्य नाही.
>
> मशीन वापरलेले नाही. खोका व लेबल जपून ठेवले आहे.
>
> सोबत: बिल, विक्रीच्या पानाची पीडीएफ (दिनांक ९ मार्च), पहिला व चौथा फोटो, मिळालेल्या वस्तूंचा फोटो, लेबलचा फोटो.
>
> आपला/आपली,
> (नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल)

या पत्रात "फसवणूक" हा शब्द नाही, ते मुद्दाम. विक्रेत्याच्या मनात काय होतं हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, आणि करायची गरजही नाही. फोटोत काय होतं आणि खोक्यात काय आलं एवढंच सिद्ध करायचं आहे. वापरायचाच असेल तर तो शब्द पुढच्या टप्प्यासाठी ठेवा.

उत्तरं येतात ती अशी

सगळ्यात जास्त येणारं उत्तर: "फोटो केवळ संदर्भासाठी आहेत." रंगात थोडा फरक, बटणाची जागा वेगळी, अशा बाबतीत ही सूचना चालून जाऊ शकते. पण संचात कोणत्या वस्तू येतील हे त्याच फोटोतून कळत असेल, तर ही एक ओळ विक्रेत्याला मोकळं करत नाही. उत्तरात लिहा: "ही सूचना पानावर नेमकी कुठे आहे ते दाखवा, आणि टेबल स्वतंत्र विकलं जातं हे कुठे लिहिलं आहे तेही दाखवा." पीडीएफ तुमच्याकडे असल्यामुळे सूचना नंतर टाकली असेल तर ती उघडी पडते.

दुसरं उत्तर म्हणजे अर्धवट तडजोड: "दोनशे रुपये वॉलेटमध्ये देतो." स्वीकारायचं असेल तर जरूर स्वीकारा, डबी तेवढ्याचीच असेल आणि टेबलची तुम्हाला गरज नसेल तर तो शहाणपणाच आहे. पण बटण दाबण्याआधी त्याखालचा मजकूर वाचा. "तक्रारीचं पूर्ण समाधान झालं" असं त्यात असेल, तर पुढे बोलायला जागा राहत नाही.

आणि काही वेळा उत्तर न येता तक्रार नुसतीच "निकाली" दिसते. तो स्क्रीनशॉट घ्या, कारण पुढे तो तुमच्याच बाजूचा पुरावा आहे.

पत्राने काम झालं नाही तर

तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात निवारण करायचं असतं. पत्रातली दहा दिवसांची मुदत तुम्ही घातलेली आहे, ही एक महिन्याची नियमाने ठरलेली. पहिली उलटली की स्मरणपत्र, दोन ओळींचं, मूळ ईमेललाच उत्तर म्हणून. दुसरी उलटेपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार आधीही नोंदवता येते. तिथे वरचं पत्र जसंच्या तसं जोडा. हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते आणि लहान रकमांची बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, मात्र कंपनीला आदेश देण्याचा अधिकार तिला नाही.

आदेश देतो तो जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. जिथे तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यातच दाद मागता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि तक्रार e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची. २,३४९ रुपयांसाठी तारखांना हजर राहायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च यांची मागणी करायची जागा मात्र हीच. तसं ठरवलंत, तर कागद नव्याने जुळवायची गरज नाही: पत्र, दोन फोटो, पानाची पीडीएफ आणि विक्रेत्याची उत्तरं तारखेच्या क्रमाने लावा, प्रत्येकावर क्रमांक घाला आणि तक्रारीत त्या त्या क्रमांकाचा उल्लेख करा. वस्तू विकणारा आणि ॲप चालवणारी कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटायला बघतो.